ठेव कोणाच्या सहीवर आहे?

क्रिकेटचे सामने सुरू झाले की बँकेच्या काउंटरवर एक ठरावीक दृश्य दिसते. एखादे वयस्क गृहस्थ पासबुक छापून घेतात, चष्मा पुसून पुन्हा पाहतात आणि विचारतात, "हे पैसे कुणी काढले?" कर्मचारी सांगतो, "काका, तुमच्या सहखातेदारानेच काढले आहेत." पुढचा प्रश्न ते विचारत नाहीत, कारण सहखातेदार म्हणजे त्यांचाच मुलगा असतो.

मोबाइलवरच्या सट्ट्याचा आणि जुगाराचा विषय आपल्याकडे दोन टोकांना नेला जातो. एक टोक उपदेशाचे, दुसरे सरकारी बंदीचे. कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये केलेली बंदी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द ठरवली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर व त्यांच्यासाठी होणाऱ्या पैशांच्या व्यवहारांवर बंदी घातली. मोठ्या कंपन्यांनी रोखीचे खेळ थांबवले. परंतु परदेशातून चालणारी सट्ट्याची ॲप्स आणि गल्लीतला बुकी या कायद्याची वाट पाहत बसलेले नाहीत. पैसा आता कंपनीऐवजी कुणा अनोळखी व्यक्तीच्या खात्यात जातो, एवढाच फरक. म्हणून घरातली शिल्लक वाचवायची असेल तर घरच्यांनी आधी आपल्या खात्याचे कागद पाहिले पाहिजेत. प्रस्तुत लेख तेवढ्यापुरताच आहे.

समजण्यासाठी एक कुटुंब धरू. वडगावात घर. वडील अडुसष्ट वर्षांचे, कारखान्यातून निवृत्त. बचत खात्यात २ लाख ४० हजार आणि ६ लाखांची मुदत ठेव, तिची मुदत संपायला सात महिने बाकी. मुलगा तीस वर्षांचा, खासगी नोकरीत. वडिलांना बँकेत खेपा नकोत म्हणून दोन्हीवर मुलाचे नाव घातले. अर्ज इंग्रजी-कन्नडमध्ये. त्यात 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' या चौकटीवर खूण झाली आणि दाखवले तिथे वडिलांनी सही केली. वडिलांचा फोन साधा, म्हणून खात्याला मोबाइल नंबर जोडला तोही मुलाचाच.

या खुणेचा अर्थ 'दोघांपैकी कोणीही, आणि एकाच्या पश्चात दुसरा' असा आहे. म्हणजे खात्यातला शेवटचा रुपयासुद्धा मुलगा एकट्याने काढू शकतो आणि बँकेने तो दिला तर बँकेची चूक नाही. वडिलांच्या मनात मात्र वेगळेच असते. 'माझ्यानंतर त्याला मिळावे' एवढाच त्यांचा हेतू. त्या हेतूसाठी बँकेत वेगळी सोय आहे, तिला 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणतात. त्यात पहिल्या नावाचा माणूस हयात असेपर्यंत खाते त्याच्याच सहीने चालते आणि दुसऱ्याला हक्क मिळतो तो त्याच्या पश्चात. केवळ वारस म्हणून नाव लावायचे असेल तर साधे नामांकनही पुरते. नामांकन झालेल्या माणसाला खातेदार हयात असताना एक पैसा काढता येत नाही.

दुसरा दरवाजा मोबाइल नंबरचा, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. यूपीआय सुरू करताना खात्याला जोडलेल्या नंबरच्या सिमवरून बँकेला संदेश जातो. मग डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि फोनवर आलेला ओटीपी घातला की पिन तयार होतो. खाते एकट्या वडिलांच्या नावे असले तरी नंबर मुलाचा आणि कार्ड कपाटात असेल, तर खाते उघडेच आहे असे समजावे. यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवायची मर्यादा साधारणपणे दिवसाला एक लाखाची. आपल्या उदाहरणातले २ लाख ४० हजार जायला तीन रात्री पुरतात. पासबुक लपवून ठेवण्याचा उपयोग नाही तो यासाठी.

मात्र तेच पासबुक वाचायला शिकले तर लवकर सुगावा लागतो. एकाच संध्याकाळी पाचशे, हजार, दोन हजार अशा गोल रकमा अनोळखी नावांवर गेलेल्या दिसतात, मध्येच एखादी रक्कम तिसऱ्याच कुणाकडून परत आलेली असते आणि त्यानंतरच्या नोंदी मोठ्या होत जातात. हरलेले भरून काढण्यासाठी दुप्पट लावण्याची ही खूण. पुढची पायरी म्हणजे अचानक जमा झालेली दहा-वीस हजारांची रक्कम आणि दुसऱ्या महिन्यापासून हप्ता परत गेल्याचा दंड. तिथे कर्ज देणारे ॲप आले आहे असे समजावे.

परत येणाऱ्या रकमेत आणखी एक धोका आहे. जिंकलेला पैसा ज्या खात्यातून येतो ते पुष्कळदा भाड्याने घेतलेले, फसवणुकीतले खाते असते. मूळ फसवला गेलेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढतात आणि तो माग तुमच्या खात्यापर्यंत आला तर त्यातली रक्कम, कधी कधी संपूर्ण खाते, गोठवले जाते. मुलाने जिंकलेले तीन हजार आणि वडिलांच्या ठेवीचे व्याज एकाच खात्यात असेल, तर घराचा किराणाही अडकतो.

आता उपाय. येथे क्रमाला महत्त्व आहे. सहखातेदारांपैकी कोणीही एकाने लेखी कळवले की बँक 'दोघांपैकी कोणीही' ही मुभा थांबवते आणि पुढे सर्वांच्या सहीशिवाय पैसे देत नाही. संतापाच्या भरात वडील पहिल्याच दिवशी असे पत्र देऊन येतात. मुलाचा हात थांबतो, पण वडिलांचाही थांबतो, कारण खाते पुन्हा मोकळे करायला मुलाचीही सही लागते. घरात भांडण पेटलेले असताना ती मिळत नाही.

म्हणून आपल्या उदाहरणातल्या वडिलांनी प्रथम स्वतःचे नवे बचत खाते उघडावे. एकट्याचे, किंवा पत्नीचे दुसरे नाव घालून 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. त्याला नंबर स्वतःचाच जोडावा, मग तो साध्या फोनचा का असेना. डेबिट कार्ड घेऊ नये. घेतलेच तर त्याचा ऑनलाइन वापर बंद ठेवता येतो, ती सोय बँकांनी देणे २०२० पासून बंधनकारक आहे. मग जुन्या खात्यातली शिल्लक स्वतःच्या सहीने नव्या खात्यात वळवावी. तो अधिकार त्यांनाही तेवढाच आहे. वीजबिलासारखी नियमित वजावट नव्या खात्यावर आणावी. हे सर्व झाल्यावर जुन्या खात्याचे पत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर बँकेची पोच घ्यावी. प्रकृतीमुळे बँकेत जाणे होत नसेल तर सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे, तिची चौकशी करावी.

मुदत ठेवीचे गणित निराळे आहे. 'दोघांपैकी कोणीही' अशा ठेवीची रक्कम मुदत संपल्यावर एकाच्या सहीने मिळते, पण मुदतीआधी मोडायची तर सामान्यतः दोघांच्याही सह्या लागतात. म्हणजे शाखेत काढलेली ठेव सात महिने तरी बऱ्यापैकी सुरक्षित आहे, ती घाईने मोडून व्याज घालवायचे कारण नाही. दोघांच्या सहीशिवाय रक्कम वा तिच्यावर कर्ज देऊ नये असे बँकेला लेखी कळवावे आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून त्या दिवशी स्वतः हजर राहावे. उलट, मोबाइल ॲपवरून काढलेली ठेव ॲपवरूनच मोडता येते, लॉगिन ज्याच्या हातात तो मोडू शकतो. तसेच 'मुदतीआधी कुणालाच देऊ नका' अशी ठेव मागितली तरी सामान्य माणसाला ती मिळत नाही. व्यक्तीच्या एक कोटीपर्यंतच्या ठेवी मुदतीआधी मोडण्याची मुभा बँकांना ठेवावीच लागते. तेव्हा कुलूप ठेवीच्या प्रकारात शोधू नये, ते सहीत आणि नंबरात आहे.

राहिला झालेल्या देण्याचा प्रश्न. येथे घरोघरी एकच गोष्ट होते. आई पाटल्या काढून देते, वडील ठेव मोडतात, सारे देणे एका दिवसात फिटते आणि चार महिन्यांनी तेवढेच पुन्हा उभे राहते. म्हणून आधी यादी करावी. मुलाला शेजारी बसवून त्याच्याच फोनवर त्याचा क्रेडिट अहवाल काढावा, प्रत्येक पतमाहिती कंपनी तो वर्षातून एकदा मोफत देते. त्यात बँकांची व नोंदणीकृत वित्त कंपन्यांची कर्जे दिसतात. बुकीचे, मित्रांचे आणि बेकायदा ॲपचे देणे दिसत नाही, ते त्याच्याच तोंडून यावे लागते.

यादीतली सगळी देणी सारखी नसतात. पैजेचे देणे भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार न्यायालयात वसूलच होत नाही. बुकी दारात येऊन धमकावू लागला तर ते पोलिसांचे काम आहे, ठेव मोडायचे नव्हे. बँकेचे वा वित्त कंपनीचे कर्ज मात्र खरे असते, पण ते ज्याने घेतले त्याचे. आई, वडील किंवा पत्नी सहकर्जदार वा जामीन नसतील तर त्यांच्या ठेवीवर त्या कर्जाचा हक्क पोहोचत नाही. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. हप्ता मुलाच्या पगारातून ठरवून घ्यावा आणि घरच्यांना मदत करायचीच असेल तर ती थेट कर्जखात्यात भरावी, त्याच्या हातात देऊ नये.

ही सवय केवळ शिस्तीने सुटत नाही. जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर घरच्यांनाही सल्ला मिळतो आणि बेंगळूरच्या निम्हान्समध्ये मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचे उपचारकेंद्र २०१४ पासून आहे. उपचार चालू असताना पैसे आवाक्याबाहेर असणे रुग्णाच्याही हिताचे असते, हे त्याला रागावून नव्हे तर समजावून सांगावे.

शेवटी दोन शब्द आपल्याच संस्थांना. सीमाभागात आपल्या माणसांच्या पतसंस्था आहेत, सोसायट्या आहेत, गल्लोगल्ली भिशी आणि पिग्मी आहे. संचालक मंडळांवर आपणच निवडून दिलेली माणसे बसतात. तिथे मुलाच्या कर्जाला आईची सही जामीन म्हणून घेतली जाते आणि कागदावर काय लिहिले आहे हे तिला कुणी सांगत नाही. खाते कोणाच्या सहीने चालणार आणि जामीन राहणे म्हणजे काय, हे सही घेण्यापूर्वी मराठीत वाचून दाखवावे, आणि तसे वाचून दाखवल्याची नोंद अर्जावर असावी. याला कुठल्या सरकारची परवानगी लागत नाही, संचालकांचा एक ठराव पुरतो. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी तो मागावा.