उकळी न येता कपडे वाळतात ते कसे?

पाणी शंभर अंशांना उकळते आणि मग त्याची वाफ होते, असे आपण शाळेत शिकलो. मग दोरीवर टाकलेली साडी अवघ्या सत्तावीस अंशांच्या हवेत कोरडी कशी होते? आणि तीच साडी पावसाळ्यात दोन-दोन दिवस दमट राहून कुबट वास का देऊ लागते? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे.

पाण्याचे कण सतत हालचाल करीत असतात. परंतु सर्वांचा वेग सारखा नसतो. पृष्ठभागाजवळचे काही वेगवान कण शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निघून जातात. हे बाष्पीभवन होय. ते कोणत्याही तापमानाला चालते, मात्र केवळ पृष्ठभागावर. उत्कलनाची गोष्ट निराळी. पाणी तापत तापत त्याच्या वाफेचा दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला, की पाण्याच्या आतही वाफेचे बुडबुडे टिकू लागतात आणि सारे पाणी खदखदते. म्हणूनच हवेचा दाब कमी असलेल्या महाबळेश्वरी पाणी सुमारे पंचाण्णव अंशांनाच उकळते. ज्या घरांत पिण्याचे पाणी उकळून परातीत निववतात, तेथे दोन्ही क्रिया एकापाठोपाठ दिसतात: चुलीवर उत्कलन आणि परातीच्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून बाष्पीभवन.

वेगवान कण निघून गेले, की मागे मंद कण उरतात, म्हणजेच पाणी थंड होते. परातीतले पाणी लवकर निवते आणि ओले वस्त्र हाताला गार लागते, ते प्रामुख्याने यामुळेच. ही तूट भरून काढण्यासाठी कापड भोवतालच्या हवेतून उष्णता ओढून घेते. तेव्हा कपडे उष्णतेवाचून वाळतात असे नव्हे. ती उष्णता आपण देत नाही, हवा देते, इतकेच.

आता वाळणे थांबते केव्हा, ते पाहू. हवेत गेलेले काही कण पुन्हा कापडावर परततात. हवेत वाफ जितकी अधिक, तितके परतणारे अधिक. जाणारे आणि येणारे समान झाले, की कापड ओलेच राहते. सत्तावीस अंशांना एका घनमीटर जागेत अधिकाधिक सुमारे २६ ग्रॅम वाफ राहू शकते. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तिच्यात एकूण साधारण ८८० ग्रॅम वाफ मावेल. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर यांपैकी सुमारे ७५० ग्रॅम वाफ आधीच तेथे आहे. शिल्लक जागा फक्त १३० ग्रॅमची, म्हणजे एका लहान कपभर पाण्याची.

पिळून टाकलेल्या कपड्यांत दोन लिटर पाणी असेल, तर ते सामावण्यासाठी त्या खोलीतील हवा किमान पंधरा वेळा बदलली पाहिजे. हिवाळ्यातील दुपारी तापमान तेच, पण आर्द्रता ३५ टक्के असेल, तर चार वेळा बदल पुरतो. फरक उन्हाचा कमी आणि शिल्लक जागेचा अधिक आहे.

यावरून पंख्याचे कार्यही स्पष्ट होते. कापडाला लगटून बसलेला दमट हवेचा थर तो दूर सारतो. परंतु खोलीतील एकूण वाफ कमी करू शकत नाही. दारे-खिडक्या बंद करून रात्रभर पंखा फिरवला, तर थोडे पाणी उडते आणि मग वाळणे जवळजवळ थांबते. उरलेली ओल कपड्यांत आणि भिंतींवर बुरशीला आमंत्रण देते. म्हणून खिडकी उघडी हवी, किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. कपडेही एकावर एक न टाकता अंतर ठेवून पसरावेत.

वाळणे चालू आहे की नाही, हे हाताच्या मागील बाजूने कळते. ओले कापड हवेपेक्षा स्पष्टपणे गार लागले, तर पाणी उडत आहे. ओले असूनही गारवा जाणवत नसेल, तर हवा भरली आहे, ती बदलावी.

बाहेर संततधार असेल आणि तेथील हवाही भरलेली असेल, तर खिडकीचाही फारसा उपयोग नाही. अशा वेळी थोडी ऊब कामी येते. आपल्या उदाहरणातील हवा सत्तावीसवरून बत्तीस अंशांवर नेली, तर वाफेसाठीची शिल्लक जागा जवळजवळ तिप्पट होते. मात्र ती हवाही भरल्यावर बाहेर जायला वाट हवीच. शंभर अंशांची गरज कोठेच नाही, पाच अंश पुरतात.