वाघजाईच्या अलीकडे की पलीकडे?

यंदाच्या पावसाळ्यात एका सकाळी, सात वाजायच्या आत, आमच्या फोनवर एकच बातमी नऊ जणांकडून आली. मथळा असा: ‘भोर घाटात भीषण दरड, भोर-महाड वाहतूक ठप्प, रायगड तालुका प्रशासन सतर्क’. खाली मातीच्या ढिगाऱ्यात अर्धा गाडला गेलेला रस्ता. पाठवणाऱ्यांत हिर्डोशीकडचा एक दूधवाला होता, महाडला लेक दिलेली एक मावशी होती, आणि बाकीचे नेहमीचे फॉरवर्ड करणारे. मावशींनी खाली लिहिले होते, “दादा, हे खरं आहे का? आज लेकीला आणायला जायचंय.”

हा अंक उघडताना त्या एका बातमीबद्दलच लिहावे असे ठरवले. कारण ती तपासायला आम्हाला जो दीड तास लागला, त्यात आम्ही जे शिकलो ते भोर-वेल्ह्यातल्या कुठल्याही वाचकाला उपयोगी पडेल.

पहिली शंका मथळ्यानेच दिली. भोरहून महाडला उतरणारा घाट वरंधा. इथले शेंबडे पोरही त्याला भोर घाट म्हणणार नाही. ‘भोर घाट’ हे नाव इंग्रजी कागदपत्रांत आहे, पण ते खंडाळ्याच्या बोरघाटाचे. 1863 मध्ये रेल्वे ज्याच्यातून वर चढली तो. त्याचा भोर शहराशी काही संबंध नाही. म्हणजे हा मजकूर कधीतरी इंग्रजीतून फिरून आला होता. मग ‘रायगड तालुका’. रायगड हा जिल्हा आहे. तालुका आहे तो राजगड. वेल्ह्याचे नाव राजगड करायला मंत्रिमंडळाने 13 मार्च 2024 रोजी मान्यता दिली, आणि तेव्हापासून ही गल्लत वाढतच चालली आहे. इंग्रजीत एका अक्षराचा फरक. त्यात मध्य प्रदेशात राजगढ, छत्तीसगडात रायगढ. ज्याने मजकूर फिरवला त्याला या चारही जागा सारख्याच. शिवाय वरंधा घाट वेल्ह्यात येतच नाही. वरची बाजू भोर तालुक्याची, खालची रायगड जिल्ह्यातल्या महाडची. तिसऱ्या परिच्छेदात तर भाटघर धरण नीरा नदीवर नेऊन ठेवले होते. भाटघर आहे वेळवंडीवर. नीरेवर आहे ते नीरा देवघर.

चूक माणसाकडूनही होते. पुण्यात बसलेला नवखा उपसंपादक रायगड-राजगड करू शकतो, आणि आमच्याच जुन्या अंकात एकदा गडाची उंची चुकली होती. पण माणसाच्या चुकीला एक दिशा असते: तो एक नाव चुकतो आणि त्याच्या आजूबाजूचे बरोबर लिहितो. इथे सगळीच नावे थोडी थोडी सरकलेली होती आणि वाक्ये मात्र गुळगुळीत होती.

आणि नेमके जे हवे ते कुठेच नव्हते. दरड घाटात कुठे पडली? घाटात वाघजाईचे देऊळ आहे, शेजारी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. घाटातून आलेला कोणीही पहिल्याच वाक्यात सांगतो, वाघजाईच्या अलीकडे की पलीकडे. एक बाजू मोकळी आहे का, मोटरसायकल निघते का, जेसीबी आला का, हेही सांगतो. बातमीत होते ‘स्थानिक नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण’ आणि ‘प्रशासनाने खबरदारीचे आवाहन केले आहे’. कोणत्या गावचे नागरिक, कोणता अधिकारी, किती वाजता, काही नाही. सहाशे शब्दांत एकाही माणसाचे नाव नव्हते. शेवटी ‘निष्कर्ष’ असे उपशीर्षक होते. अपघाताच्या बातमीला निष्कर्ष कोण लिहितो?

मग साधा उपाय केला. घाटाच्या वरच्या बाजूच्या गावातल्या पोलीस पाटलांना फोन लावला. रेंज नव्हती, चौथ्यांदा लागला. ते म्हणाले, “पाऊस आहे, धुकं आहे. दरड-बिरड काही नाही. आत्ताच एक पिकअप वर आली.” दुसरा फोन तहसीलच्या आपत्ती कक्षाला केला, तिथेही नोंद नव्हती. मावशींना तेवढे लगेच कळवले. तपासणीतले निम्मे काम तिथेच संपले, आणि त्याला कुठलेही सॉफ्टवेअर लागले नाही.

उरलेला वेळ गेला ही बातमी आली कुठून हे पाहण्यात. वरंधा घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने वाहतुकीला बंद होतो, कधी फक्त जड वाहनांना, कधी सगळ्यांना. त्या आदेशावर तारीख असते, मुदत असते, पर्यायी रस्ता असतो: ताम्हिणी किंवा आंबेनळी. आमच्या हातातल्या मजकुरात ताम्हिणीचा उल्लेख होता, म्हणजे मूळ कुठेतरी खरा आदेश होता. संगणकावर पानाचा सोर्स उघडला. बहुतेक बातम्यांच्या पानांत `datePublished` आणि `dateModified` अशा दोन ओळी असतात. पहिली मूळ प्रसिद्धीची, दुसरी शेवटच्या बदलाची. वाचकाला वर दिसत होती ती दुसरी, त्याच पहाटेची. पहिली दोन पावसाळ्यांपूर्वीची होती. `web.archive.org` वर त्याच पत्त्याची जुनी प्रत सापडली, तीत घाटाचे नाव बरोबर होते आणि वेल्हे वेल्हेच होते. म्हणजे जुनी, बहुधा खरी बातमी, आमच्या संशयानुसार यंत्राकडून, नव्या शब्दांत लिहून घेतली, तारीख बदलली आणि पाऊस सुरू होताच पुन्हा वर आणली. फोटोचा उलट शोध घेतला तर तो दुसऱ्याच राज्यातला निघाला.

इथे एक जपायचे. तारीख बदललेली दिसली म्हणून पान खोटे ठरत नाही. चांगली वर्तमानपत्रेही बातमी सुधारतात आणि दुसरी तारीख पुढे जाते. उलट लबाड माणूस पहिली तारीखही खोटी घालू शकतो. म्हणून जुनी प्रत बाहेरच्या साठ्यात पाहणे महत्त्वाचे. त्या साठ्यातली प्रत साइटच्या मालकाला बदलता येत नाही.

शेवटी मालक. साइटवर ‘आमच्याविषयी’ या पानात पत्ता नव्हता. बातमीखाली ज्या लेखकाचे नाव होते, त्याच्या नावाने त्याच दिवशी चाळीसहून अधिक मजकूर चढले होते: लाडकी बहीणचा हप्ता, सोन्याचा भाव, राशिभविष्य, मधुमेहावर घरगुती उपाय. अशा साइटच्या पत्त्यापुढे `/ads.txt` लिहिले की जाहिरातींचा हिशेब कुणाशी आहे याची यादी दिसते. तिच्यात एक ओळ अशी असते:

```
google.com, pub-0000000000000000, DIRECT, f08c47fec0942fa0
```

`pub-` नंतरचा आकडा म्हणजे जाहिरातीचे पैसे ज्या खात्यात जातात त्याचा क्रमांक (इथे आम्ही शून्ये घातली आहेत). या बातमीच्या साइटचा क्रमांक आणखी तीन साइटवर सापडला. त्यातली एक हिंदी आणि एक कानडी. चारही ठिकाणी तोच साचा, तेच रंग. मात्र हा पुरावा `DIRECT` लिहिलेल्या ओळीपुरताच धरावा. `RESELLER` च्या ओळी शेकडो असंबद्ध साइटवर सारख्याच असतात, आणि एखादी जाहिरात एजन्सी अनेकांची खाती सांभाळत असेल तर `DIRECT` सुद्धा फसवतो.

हा धंदा नवा नाही. 2016 मध्ये अमेरिकी निवडणुकीच्या वेळी उत्तर मॅसिडोनियातल्या वेलेस नावाच्या छोट्या शहरातून शंभरावर बनावट बातम्यांच्या साइट चालत होत्या. चालवणारी बरीचशी किशोर आणि तरुण पोरे, आणि कमाई जाहिरातींची. तेव्हा निदान कुणाला तरी बसून नक्कल करावी लागे. आता तेही लागत नाही, ते काम यंत्र करते. अशा यंत्रलिखित साइटवर लक्ष ठेवणाऱ्या न्यूजगार्ड या संस्थेने मे 2023 मध्ये 49 साइट मोजल्या होत्या. दोन वर्षांत तो आकडा बाराशेच्या वर गेला.

आणि याचा परिणाम केवढा होऊ शकतो ते डब्लिनने पाहिले. 31 ऑक्टोबर 2024 च्या संध्याकाळी तिथल्या ओकॉनेल रस्त्यावर हजारो माणसे, लेकरांना घेऊन, हॅलोविनची मिरवणूक पाहायला जमली. मिरवणूक नव्हतीच. पाकिस्तानातून चालणाऱ्या एका साइटने ती जाहीर केली होती. तिच्यावर एआयच्या मदतीने मजकूर तयार होत असे, आणि मिरवणूक काढणार म्हणून नाव दिले होते ते खऱ्याच संस्थेचे, मॅकनसचे. शेवटी पोलिसांना लोकांना घरी जायला सांगावे लागले. तिथे फक्त एक संध्याकाळ वाया गेली. वरंध्याच्या खोट्या बातमीने कुणी रुग्णाला ताम्हिणीमार्गे फिरवून नेले तर त्याला काय म्हणायचे?

अंकाच्या बैठकीत एका तरुण मित्राने विचारले, की मजकूर पेस्ट केला की ‘यंत्राने लिहिले’ असे सांगणारी साधने आहेत, मग एवढा खटाटोप कशाला? त्या साधनांवर आमचा भरवसा नाही. ओपनएआय या चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीनेच जानेवारी 2023 मध्ये असे एक साधन काढले. ते यंत्राचा मजकूर शंभरात सव्वीस वेळा ओळखत होते आणि माणसाने लिहिलेला मजकूर शंभरात नऊ वेळा यंत्राचा ठरवत होते. सहा महिन्यांत कंपनीने ते मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेले निबंध त्या साधनांनी सरासरी निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवले. साधी, ठरावीक शब्दांतली वाक्ये लिहिणारा माणूस त्यात अडकतो. इंग्रजीत ही गत, तर मराठीत आपल्या तालुक्यातल्या वार्ताहराची, शाळेतल्या बाईंची, पहिल्यांदा लिहिणाऱ्या पोराची काय होईल? ‘चला तर मग जाणून घेऊया’ अशी सुरुवात करणारी हाडामांसाची मुलेही पुष्कळ आहेत. ती शब्दांवर पैसे घेऊन लिहितात. त्यांना यंत्र म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून त्या दिवशी आम्ही गटात ‘हे यंत्राने लिहिले आहे’ असा शेरा मारला नाही. तसा संशय होता, पण सिद्ध करण्याजोगे हातात काही नव्हते. लिहिले ते इतकेच: बातमी जुनी आहे, फोटो दुसऱ्या राज्यातला आहे, सकाळी साडेसातला घाट मोकळा होता, आणि हे आम्हाला कोणी सांगितले. मावशी नऊच्या सुमारास निघाल्या आणि दुपारी लेकीला घेऊन परत आल्या.

या अंकातल्या प्रत्येक लेखाखाली लेखकाचे गाव छापले आहे. जिथे माहिती कुणाकडून ऐकून घेतली, तिथे त्या माणसाचे नाव त्याच्या परवानगीने दिले आहे. तरीही कुठे गावाचे नाव, नदी, तारीख चुकली असेल, तर वाचकांनी आम्हाला कळवावे. दुरुस्ती पुढच्या अंकाच्या पहिल्याच पानावर येईल. आणि पुढच्या पावसाळ्यात घाटाची बातमी पाठवाल तेव्हा दुव्याबरोबर एक ओळ तुमच्या हाताने लिहा: तुम्ही स्वतः पाहिले की नुसते वाचले.