पैसे शनिवारी निघाले, खात्यात सोमवारी आले : मधले दोन दिवस कुठे गेले?

१ नोव्हेंबर २०२५ हा शनिवार होता. महिन्यातला पहिला शनिवार, म्हणजे गडहिंग्लजमधल्या बँका नेहमीप्रमाणे चालू. पण तिथून तासा-दीड तासावर असलेल्या बेळगावात बँकांना राज्योत्सवाची सुट्टी. सीमाभागात हा दिवस कोण कसा पाळतो हा विषय वेगळा. बँकेचं शटर मात्र बंद असतं. दुसऱ्या दिवशी रविवार.

आता एक उदाहरण घेऊ. गडहिंग्लजच्या एका कापड दुकानदाराने त्या शनिवारी सकाळी अकराला बेळगावच्या वडगावातील यंत्रमागधारकाला दीड लाख रुपये एनईएफटीने पाठवले. दुकानदाराच्या खात्यातून पैसे लगेच वजा झाले. समोरचा रविवारी संध्याकाळी फोन करतो, ‘अहो, अजून आले नाहीत.’ दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही.

असं व्हायला नको होतं, असं कुणीही म्हणेल. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, बारा महिने चालते. दर अर्ध्या तासाला एक बॅच, दिवसाला ४८ बॅच. आरटीजीएसही डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस सुरू आहे. बॅचचा हिशेब पूर्ण झाल्यावर दोन तासांत पैसे खात्यात जमा व्हावेत किंवा परत जावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या हिशेबाने दुपारी दोनच्या आत काम व्हायला हवं होतं.

गाडी अडली ती शेवटच्या टप्प्यावर. यंत्रमागधारकाचं खातं एका छोट्या सौहार्द सहकारी संस्थेत आहे. नाव भारदस्त असलं तरी ती बँक नव्हे. कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली नोंदलेली ती पतसंस्था आहे, आणि एनईएफटीत तिला थेट जागा नाही. तिचं स्वतःचंच खातं एका मोठ्या बँकेत आहे. दुकानदाराचे पैसे त्या मोठ्या बँकेतल्या संस्थेच्या खात्यात शनिवारीच पोचले. तिथून ‘हे अमक्या सभासदाचे’ अशी नोंद संस्थेच्या वहीत व्हायची, तर यादी उघडून जमा करणारा माणूस लागतो. शनिवारी सुट्टी, रविवारी सुट्टी. तो माणूस सोमवारी, ३ तारखेला खुर्चीवर बसला.

रोज संध्याकाळीही हेच घडतं. संस्थेचा कारभार पाचला आटोपला की सहाला आलेली रक्कम दुसऱ्या दिवसाच्या यादीत. शाखेत कागदी स्लिप भरणाऱ्यांचंही तसंच. यंत्रणा रात्रभर जागी असली तरी काउंटरवरचा माणूस आपल्या वेळेतच स्लिप घेतो. मोबाइलवरून केलेला व्यवहार मात्र माणसाच्या हाताशिवाय पुढे सरकतो.

दोन दिवस उशीर झाला म्हणून काय बिघडलं? बिघडतं ते हप्त्यामुळे. समजा, याच यंत्रमागधारकाच्या कर्जाचा हप्ता दुसऱ्या एका बँकेतून दर महिन्याच्या २ तारखेला कापला जातो. १ ऑगस्ट २०२१ पासून आपोआप हप्ते वसूल करणारी नाच यंत्रणा रविवारीही चालते. म्हणजे पैसे जाण्याला सुट्टी नाही, येण्याला आहे. हप्ता परत गेला तर दंड भरायचा आणि वर पत खराब.

बँकेने एनईएफटी जमा करायला उशीर केला, तर रेपो दर अधिक दोन टक्के व्याज तिने ग्राहकाने न मागता द्यायचं असतं. त्या दिवशी रेपो ५.५० टक्के होता. दीड लाखावर दोन दिवसांचे साडेसात टक्क्यांनी सुमारे ६२ रुपये होतात. हप्ता चुकल्याच्या दंडापुढे ते किरकोळच. शिवाय इथे मोठ्या बँकेने आपलं काम वेळेत केलेलं आहे. संस्था बँक नसल्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिची तक्रार चालत नाही. जावं लागतं ते सहकार खात्याकडे.

आपलं खातं असं मधल्या बँकेतून जातं का, हे ओळखणं सोपं आहे. पासबुकावरच्या आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं बँकेची असतात. ती आपल्या संस्थेच्या नावाशी जुळत नसतील, तर पैसे दुसऱ्याच्या दारातून येतात. रक्कम अडकली की पाठवणाऱ्याकडून यूटीआर क्रमांक मागून घ्यावा. त्यावरून बँक सांगू शकते की पैसे परत गेले, की संस्थेच्या खात्यात पडून आहेत. वडगावच्या या माणसाने ती रक्कम हप्त्याच्या बँकेतल्या खात्यावरच मागवली असती, तर शनिवारी दुपारच्या जेवणापर्यंत ती जमा झाली असती.