चौदाव्या दिवसाची भेट

ऑक्टोबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय देशभरातल्या बातम्यांत आले. २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळे. ४८ तासांत हा आकडा ३१ झाला. औषधांचा तुटवडा नव्हता, बरेच रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत बाहेरून आले होते, असे प्रशासनाने सांगितले. एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले, त्याची चित्रफीत घरोघर पोहोचली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

त्या मृत्यूंची कारणे हा चौकशीचा विषय. इथे मुद्दा वेगळा आहे. ‘रुग्ण उशिरा आले’ हे स्पष्टीकरण वैद्यकीयदृष्ट्या अशक्य कोटीतले नाही. परभणी, हिंगोली, यवतमाळ, शिवाय तेलंगणाच्या सीमेवरची गावे, एवढ्या मुलखातले सगळ्यात अवघड रुग्ण विष्णुपुरीला येतात. किनवटहून यायचे तर सव्वाशेहून अधिक किलोमीटर. तरीही ते स्पष्टीकरण लोकांच्या गळी उतरले नाही. एरवी ज्याच्याशी कुणी चार शब्द बोलत नाही, त्याला संकटाच्या दिवशी एकदम समजावून सांगायला गेले की तो ऐकून घेतो, पण मानत नाही.

शासकीय रुग्णालयावरचा विश्वास रुग्णालयाच्या इमारतीत तयार होत नाही. तो गावात तयार होतो, आणि तो बहुतेक वेळा आशाताईच्या पायांनी चालत येतो. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाला आशाताईने घरी जाऊन सहा वेळा पाहायचे असते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट. या सगळ्या भेटींचे मिळून तिला २५० रुपये मिळतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याच्या या पद्धतीचे मूळ महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवून हे काम केले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. तिथे नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले होते.

भेटीत ती करते काय? हात धुते, बाळाचे वजन करते, काखेत थर्मामीटर ठेवून ताप पाहते. बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजते. साठ किंवा त्याहून अधिक भरला तर पुन्हा एकदा मोजते. छाती आत ओढली जाते का, नाळेला पू आहे का, बाळ अंगावर नीट ओढते का, हे पाहते. बहुतेक भेटींत काहीच सापडत नाही. तिसऱ्या दिवशी घरात कौतुक असते, लोक चहा ठेवतात. चौदाव्या दिवशी सासूबाई म्हणतात, “पोरगं चांगलं हाय की, कशाला पुन्हा पुन्हा येतीस?” तरी ती येते. काही न सापडलेल्या याच भेटींतून तिच्या शब्दाला वजन येते. आजारी बाळाला पाहायला कुणीही धावते. बाळ बरे असताना ठरल्या दिवशी येणारी बाई घराच्या लक्षात राहते.

हे वजन कुठे खर्ची पडते, ते पाहू. समजा, अहमदपूर तालुक्यातल्या एका वाडीवर दोन किलोचे बाळ आहे. सातव्या दिवशी ठीक होते. चौदाव्या दिवशी आशाताई पाहते तर पाय गार, पोटही गारच, काखेतले तापमान ३५.५. सकाळपासून दूध ओढलेले नाही. घरच्यांना वाटते, झोपाळू झालेय. पण एवढ्याशा बाळाला ताप येण्यापेक्षा ते गार पडणे अनेकदा जास्त घातक असते. गार पडलेल्या बाळाची रक्तातली साखर उतरते, साखर उतरली की ते दूध ओढत नाही, आणि दूध नाही म्हणून आणखी गार पडते. या साऱ्याच्या मुळाशी जंतुसंसर्ग असू शकतो. इथे तासांचा हिशेब असतो. आशाताई बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण घालायला सांगते, १०८ला फोन करते आणि म्हणते, “आत्ताच निघा.”

अहमदपूरहून नांदेड आणि लातूर जवळजवळ सारखेच दूर. कुठे जायचे, हे चिठ्ठीवर लिहिलेले असले तरी ठरते ते ओसरीवर. शेजारचा कुणीतरी म्हणतो, “तिकडं नका नेऊ, आमच्या भावाचं लेकरू नेलं तर दोन दिवस कुणी काय झालंय ते सांगितलंच नाही.” आशाताईच्या आतापर्यंतच्या भेटी एका पारड्यात, हे एक वाक्य दुसऱ्या पारड्यात. बहुतेक वेळा वाक्यच भारी ठरते. मग आधी तालुक्याचा खासगी दवाखाना, तिथे एक रात्र, पैसे संपले की शेवटी शासकीय रुग्णालय. बाळ पोहोचते ते अखेरच्या घटका मोजत. ते दगावते, आणि शेजाऱ्याचे वाक्य खरे ठरते. पुढचे बाळ आणखी उशिरा येते.

म्हणजे वॉर्डात कुणी नातेवाइकावर खेकसते तेव्हा ते स्वतःचा विश्वास उधळत नसते. तो तीस-चाळीस किलोमीटरवरच्या एका बाईने उन्हातान्हात कमावलेला असतो. तिचा या गफलतीत काही हात नसतो, पण गावात तोंड तिलाच दाखवावे लागते.

यावर वागणुकीची प्रशिक्षणे घेणे हा सरकारी उपाय. त्यातून फारसे निघत नाही. नवजात कक्षात तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हवी. ती प्रत्यक्षात दहा-बारा बाळे सांभाळत असेल तर तिने गोड बोलावे तरी कधी? आणि माणसे, ऑक्सिजन, औषधे नसताना लोकांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे धोक्याचे आहे. तिथे शेजाऱ्याचा संशय बरोबरच असतो. पण मनुष्यबळाची रड खरी असली तरी काही गोष्टी तिच्यामागे लपवल्या जातात. रोज ठरलेल्या वेळी, समजा दुपारी चारला, एका डॉक्टरने कक्षाच्या दाराशी येऊन प्रत्येक बाळाच्या माणसांना दोन मिनिटे सांगणे: वजन किती, दूध पचते का, श्वास कसा आहे, काळजी कशाची आहे. यासाठी वेगळे पद मंजूर करून घ्यावे लागत नाही. अट एकच, ते रविवारीही व्हावे, आणि सांगण्यासारखे चांगले काही नसेल त्या दिवशी तर नक्कीच व्हावे. ज्या बापाला तीन दिवस खरे सांगितले गेले आहे, तो चौथ्या दिवशीची वाईट बातमी रडत ऐकतो, पण डॉक्टरवर धावून जात नाही, असा अनुभव नवजात कक्षात काम केलेल्या अनेकांच्या गाठी असतो.

दुसरी गोष्ट त्याहून लहान. बाळ घरी जाताना, किंवा दगावले तरीही, ज्या आशाताईने पाठवले तिला रुग्णालयातून फोन जावा. बाळाला काय झाले होते, काय केले, तिने वेळेवर ओळखले होते की नाही, एवढेच. आज तिला हे बहुधा बाळाच्या आजीकडून कळते, तेही अर्धवट. चिठ्ठीवर आशाताईचा मोबाइल क्रमांक लिहायला एक ओळ पुरते. घरी सोडलेल्या बाळाची पुढची भेट तिलाच करायची असते, तेव्हा ती उंबऱ्यात शिरल्यावर पहिला प्रश्न येणार असतो, “तिथल्या डॉक्टरांनी तुला काय सांगितलं?”