सहरी, अजान आणि टीव्ही

रमजानमध्ये आपल्यापैकी अनेकजण टीव्हीवरची थेट अजान ऐकून सहरी थांबवतात. पण एकच प्रक्षेपण घरोघरी वेगवेगळ्या वेळी पोहोचते. डीटीएचचे सिग्नल सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून थेट छतावरच्या डिशमध्ये उतरतात. केबलवाला ते आपल्या मोठ्या डिशवर घेऊन तारेने घरोघरी देतो. आयपीटीव्हीत इंटरनेट कंपनी स्वतःच्या जाळ्यातून आपण लावलेली वाहिनी तेवढीच पाठवते. या तिन्हींत उशीर साधारण काही सेकंदांचा असतो. अ‍ॅप मात्र खुल्या इंटरनेटवरून कार्यक्रमाचे छोटे तुकडे मागवते, काही साठवते, मग दाखवते. त्यामुळे ते अर्धा मिनिटही मागे राहू शकते. इफ्तारला हे चालेल, पण सहरीत वेळ संपल्यावरही घास तोंडात जाईल. तेव्हा आपण घड्याळ आणि आपल्या गावचे वेळापत्रकच पाहू या.