आधी आधार, मग प्रश्न

अविवाहित मुलगी गरोदर आहे हे कळलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, 'कोण आहे तो?' दुसरा येतो, 'कुणाकुणाला कळलंय?' पाळी चुकून किती दिवस झाले, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच असतो. तिच्यापुढे कोणते मार्ग आहेत हे आठवड्यांवर ठरतं, आणि बदनामीच्या भीतीत घरचे लोक नेमके हेच आठवडे घालवतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एकवीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आहे. तिची शेवटची पाळी ३ मार्चला सुरू झाली होती. १४ एप्रिलला तिने मेडिकलमधून किट आणून तपासणी केली आणि दोन रेघा आल्या. तिला वाटतं, पाळी चुकून दोनच आठवडे झालेत, म्हणजे गर्भही दोन आठवड्यांचाच असणार. डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून त्या दिवशी तिचे सहा आठवडे पूर्ण झालेले असतात. गोळ्यांनी गर्भपात करण्याची कायदेशीर मर्यादा नऊ आठवड्यांची आहे आणि तिच्यासाठी ती ५ मे रोजी संपते. तिच्या हातात तीनच आठवडे आहेत. 'अम्मीला कसं सांगू' यात रमजान जातो, परीक्षा जाते आणि ती तारीखही निघून जाते.

तारीख गेली म्हणून दार बंद होत नाही. गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. गर्भधारणेमुळे स्त्रीच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल, असं ते मत असावं लागतं. गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे नको असलेली गर्भधारणा झाली असेल, तर मानसिक इजा कायदा गृहीतच धरतो. पूर्वी ही तरतूद 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' यांच्यापुरती होती. दुरुस्तीनंतर तिथे 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आले. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही मुदत नियमांत ठरवलेल्या स्त्रियांनाच मिळते. दिल्ली उच्च न्यायालयाने एका पंचवीस वर्षांच्या अविवाहित तरुणीला हीच मुदत नाकारली होती. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अविवाहित आहे एवढ्या कारणाने तिला वगळता येणार नाही.

दवाखान्यात वेगळाच अनुभव येतो. 'मिस्टर कुठे आहेत?', 'वडिलांना घेऊन या, सही लागेल.' मुलगी अठरा वर्षांची असेल तर कायद्याने फक्त तिची लेखी संमती लागते. नवऱ्याची, वडिलांची किंवा भावाची सही लागत नाही. तिचं नाव अनधिकृत माणसाला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची संमती लागते आणि डॉक्टरला 'पॉक्सो' कायद्याखाली पोलिसांना कळवावंही लागतं. मात्र २०२२च्या त्याच निकालानुसार मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर त्या अहवालात तिची ओळख उघड करण्याची गरज नाही.

लाज जिवावर कशी उठते हे गोळ्यांच्या बाबतीत दिसतं. डॉक्टरकडे जायचं नाही म्हणून कुणाच्या तरी ओळखीने मेडिकलमधून पाकीट आणलं जातं. गर्भ गर्भाशयाच्या बाहेर, नळीत असेल तर या गोळ्या त्याला काढू शकत नाहीत. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी हवी आणि नंतर पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला हवं. सलग दोन तास, दर तासाला दोनपेक्षा जास्त पॅड भिजत असतील, ताप उतरत नसेल, चक्कर येत असेल किंवा एका बाजूला तीव्र दुखत असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. गोळ्या घेऊनही रक्तस्रावच झाला नाही, तरी तो धोक्याचा इशारा आहे.

गर्भपात हा एकच मार्ग नाही, आणि तो तिच्यावर लादताही येत नाही. तिला मूल ठेवायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या निकालानुसार अविवाहित आई बापाचं नाव न सांगता मुलाची पालक होऊ शकते आणि जन्मदाखलाही मिळवू शकते. बापाकडून मुलासाठी पोटगी मागण्याचा हक्कही आहे, मूल निकाहाबाहेरचं असलं तरी. तिला मूल वाढवायचं नसेल तर बालकल्याण समितीपुढे ते सोपवता येतं. सही केल्यावर फेरविचारासाठी दोन महिने मिळतात आणि तिची ओळख गुप्त राहते. घाईघाईने निकाह लावून देणं हा बहुतेक घरांचा आवडता उपाय असतो. पण तिच्या 'कुबूल'मागे मारझोड किंवा धमकी असेल, तर आपण कशाला निकाह म्हणतो आहोत हे काझीसाहेबांनीही स्वतःला विचारावं.

'दीन काय म्हणतो' हा तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. निकाहाबाहेरचा संबंध दीनमध्ये गुनाह आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. गर्भपाताबाबत उलेमांची मतं एक नाहीत. हनफी फुकहांपैकी अनेकांनी १२० दिवसांच्या आत, सबळ कारण असेल तर, सवलत मानली आहे. काहींनी त्याआधीही मनाई केली आहे. हे दिवस गर्भ राहिल्यापासून मोजतात, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबाने साधारण एकोणीस आठवडे. तिला आलिमांचा सल्ला घ्यायचा असेल तर तोही वेळेत घ्यायला हवा. चारित्र्यावर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्यांना कुरआनने ऐंशी फटक्यांची सजा सांगितली आहे. नाक्यावर कुजबुजणाऱ्यांना ही आयत कुणी ऐकवत नाही. हजरत मरियमची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. त्या पाक होत्या, तरीही प्रसूतीच्या वेदनांत, लोक काय म्हणतील या धास्तीने, त्यांनी मरण मागितलं. तेव्हा त्यांना मिळालं ते पाणी, खजूर आणि 'दुःख करू नकोस' असा दिलासा.

तुमच्यापैकी कुणाला एखादी बहीण किंवा मैत्रीण हे सांगेल, तर हाच क्रम ठेवा. आधी ती जेवली का, झोपली का ते बघा. मग तारीख विचारा आणि दोन दिवसांच्या आत तिच्यासोबत दवाखान्यात जा. निर्णय तिला घेऊ द्या. तिने काय ठरवलं हे तिच्या परवानगीशिवाय तुमच्या अम्मीलाही सांगू नका. ती जीव द्यायचं बोलत असेल तर तिला एकटी सोडू नका. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं. घरात मारहाण होत असेल किंवा बाहेर काढत असतील, तर १८१ला फोन लावा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सुनेइतकाच मुलीलाही लागू आहे आणि बापाच्या घरात राहण्याचा तिचा हक्क तो मानतो.

आणि भावांनो, त्या गर्भाला बापही असतो. इज्जतीचा हिशेब फक्त तिच्याकडे मागितला जातो तेव्हा तो मुलगा आपल्याच मोहल्ल्यात निर्धास्त फिरत असतो. निदान डॉक्टरचा खर्च आणि सोबत यांतून त्याने पळ काढू नये, एवढं तरी आपण त्याला बजावलं पाहिजे.