विश्लेषण : ‘फायरमन’चा ‘फायरफायटर’ कसा झाला? पदनामातील एका शब्दाने नेमका काय फरक पडतो?

‘चेअरमन’ऐवजी ‘चेअरपर्सन’, ‘फायरमन’ऐवजी ‘फायरफायटर’, ‘बॅट्समन’ऐवजी ‘बॅटर’. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने २०२१ मध्ये ‘बॅटर’ शब्द स्वीकारला तेव्हा समाजमाध्यमांवर बरीच थट्टा झाली. शब्द बदलून काय होणार, हा त्यातला मुख्य सूर. मात्र इंग्रजीतील पदनामे बदलली ती केवळ सौजन्य म्हणून नव्हे. त्यामागे नोकरीच्या जाहिराती, न्यायालयीन लढे आणि कायदे होते.

बदलाला सुरुवात कुठून झाली?

१९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील वर्तमानपत्रांत नोकरीच्या जाहिरातींचे रकाने सर्रास वेगळे असत. एक ‘पुरुष हवेत’, दुसरा ‘स्त्रिया हव्यात’. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत लिंगभेद करण्यास मनाई केली. एखादे लिंग पसंत असल्याचे सुचवणारी जाहिरातही त्यात बेकायदा ठरली. तरीही वेगळे रकाने पुढे काही वर्षे सुरूच राहिले. अखेर १९७३ मध्ये पिट्सबर्गमधील एका वृत्तपत्राच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा रकान्यांवरील स्थानिक बंदी ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवली.

रकाने गेले, तरी एक प्रश्न उरला. जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असे कुठेही लिहिलेले नाही, पण पदाचे नावच ‘लाइनमन’ आहे. मग स्त्रिया अर्ज करतील का?

हे कोणी तपासून पाहिले?

सँड्रा बेम आणि डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने. निमित्त होते एटी अँड टी या अवाढव्य टेलिफोन कंपनीविरुद्धच्या लिंगभेदाच्या तक्रारीचे. या कंपनीत खांबांवर चढणारे ‘लाइनमन’ आणि एक्स्चेंजमध्ये तारा जोडणारे ‘फ्रेममन’ पुरुष असत, तर ऑपरेटर स्त्रिया.

बेम यांनी शाळेच्या शेवटच्या वर्षातील ६० मुली आणि ६० मुलांना नोकरीच्या जाहिराती दाखवल्या आणि या कामात रस आहे का, असे विचारले. जाहिराती तीन प्रकारच्या होत्या. पहिल्या प्रकारात कंपनीची मूळ भाषा होती, म्हणजे ‘लाइनमन’ आणि पुरुषांनाच उद्देशून मजकूर. दुसऱ्यात तटस्थ भाषा होती, तर तिसऱ्यात उलट, ‘लाइनवुमन’ आणि स्त्रियांना उद्देशून मजकूर. मूळ जाहिरात वाचून ‘पुरुषी’ समजल्या जाणाऱ्या कामांत रस दाखवला अवघ्या ५ टक्के मुलींनी. भाषा तटस्थ होताच हे प्रमाण २५ टक्के झाले आणि थेट स्त्रियांना उद्देशून लिहिल्यावर ४५ टक्के. मुलांच्या बाबतीतही तेच दिसले. ऑपरेटरसारख्या ‘बायकी’ मानल्या गेलेल्या कामांत रस घेणारी मुले तटस्थ भाषेमुळे ३० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेली.

काम तेच होते, बदलली होती ती फक्त भाषा. अर्थात, या प्रयोगाची एक मर्यादा आहे. त्यात केवळ पदनाम नव्हे, जाहिरातीचा सगळाच मजकूर बदलला होता. त्यामुळे एकट्या ‘मन’ या प्रत्ययाचा परिणाम किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. एटी अँड टीने जानेवारी १९७३ मध्ये सरकारशी समझोता केला आणि बढती व भरतीच्या पद्धती बदलण्याचे मान्य केले.

कायद्यात थेट शब्दांचा उल्लेख आला का?

हो, ब्रिटनमध्ये. तेथील १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने ‘वेटर’, ‘सेल्सगर्ल’, ‘पोस्टमन’ आणि ‘स्टुअर्डेस’ ही चार उदाहरणेच दिली. असे पदनाम जाहिरातीत वापरले, तर भेदभावाचा हेतू आहे असे गृहीत धरले जाई. त्यातून सुटायचे, तर हे पद स्त्री-पुरुष दोघांसाठी खुले असल्याचे जाहिरातीतच स्पष्ट करावे लागे. म्हणजे शब्दावर बंदी नव्हती, पण तो वापरला तर खुलासा करणे मालकाच्या माथी होते. प्रत्येक वेळी खुलासा छापण्यापेक्षा नाव बदलणे सोपे होते. अमेरिकेतही कामगार खात्याने आणि जनगणना विभागाने १९७० च्या दशकात आपल्या व्यवसाय-यादीतील ‘मन’ने संपणारी नावे बदलली. ‘फायरफायटर’ शब्द आधीपासून होता, पण आता तो सरकारी कागदांवर आला.

नाव बदलले म्हणजे दार उघडले का?

नाही, आणि न्यूयॉर्कचे अग्निशमन दल हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे १९७७ मध्ये भरतीची परीक्षा स्त्रियांसाठी खुली झाली. लेखी परीक्षा अनेक जणी उत्तीर्ण झाल्या, पण शारीरिक चाचणीत एकही नाही. त्यांच्यापैकी ब्रेंडा बर्कमन न्यायालयात गेल्या. चाचणीत मोजल्या जाणाऱ्या गोष्टींचा आग विझवण्याच्या प्रत्यक्ष कामाशी संबंध सिद्ध होत नाही, असा निकाल १९८२ मध्ये लागला. कामाशी जुळणारी नवी चाचणी घेण्यात आली आणि त्याच वर्षी सुमारे ४० स्त्रिया दलात दाखल झाल्या. अर्जापर्यंत शब्द नेऊ शकतो. पुढची अडचण निकषांची असते.

‘चेअरपर्सन’चे काय झाले?

तटस्थ शब्द कसा फसू शकतो, हे इथे दिसते. अनेक संस्थांत पुरुष प्रमुख असेल तर ‘चेअरमन’ आणि स्त्री असेल तरच ‘चेअरपर्सन’ अशी प्रथा पडली. मग तो शब्द तटस्थ न राहता ‘स्त्री-प्रमुख’ याच अर्थाचा झाला. ओळखण्याची खूण सोपी आहे : संस्थेच्या प्रमुखपदी पुरुष आल्यावर पाटी पुन्हा ‘चेअरमन’ होते का, ते पाहावे. त्यामुळेच आता अनेक ठिकाणी नुसते ‘चेअर’ म्हणतात. हा वापर नवा वाटला, तरी इंग्रजीत तो सतराव्या शतकापासून आहे.

मराठीत हा प्रश्न कितपत लागू होतो?

‘अध्यक्ष’, ‘सरपंच’, ‘तलाठी’ हे शब्द दोघांनाही चालतात, कारण लिंग क्रियापदातून कळते : अध्यक्ष म्हणाले, अध्यक्ष म्हणाल्या. अडचण येते ती ‘पती’सारख्या शब्दांत. प्रतिभा पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा या शब्दावर चर्चा झाली, पण पदनाम कायम राहिले. उलट दिशेचे उदाहरण सरकारी रुग्णालयांत आहे. तेथे पदाचे नाव ‘अधिपरिचारिका’ असते आणि त्या पदावर पुरुषही काम करतात.

इंग्रजीतून आलेले ‘फायरमन’, ‘लाइनमन’, ‘वायरमन’ मात्र आपल्याकडे रुळले आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयातून शिकलेल्या हर्षिनी कान्हेकर देशातील पहिल्या महिला अग्निशामक म्हणून ओळखल्या जातात. त्यांनी २००२ मध्ये प्रवेश घेतला, तेव्हा या महाविद्यालयात दुसरी एकही विद्यार्थिनी नव्हती. प्रवेश घेण्यास मुलींना मनाई नव्हती. हे काम मुलींसाठी नाही, हे गृहीत धरले गेले होते. जाहिरातीतले पदनाम बदलल्याने हे गृहीतक एका दिवसात पुसले जाणार नाही. पण अर्ज भरावा की नाही या विचारात असलेल्या मुलीसमोर पहिल्याच ओळीत ‘हे तुझ्यासाठी नाही’ असे तरी येणार नाही.